सामन्याआधी पाय ताणायचे की हलवायचे?

फोंड्याजवळच्या आमच्या मैदानावर संध्याकाळी साडेपाचला कधी आलात, तर ठरलेलं दृश्य दिसेल. आठ-दहा जण गवतावर कोंडाळं करून बसलेले, प्रत्येकाचा एक पाय पुढे पसरलेला, हाताने बुटाचं टोक धरलेलं, आणि गप्पा चाललेल्या. पोटऱ्या, मांड्या, जांघा असं करत दहा-बारा मिनिटं जातात. मग शिट्टी वाजते आणि उठून थेट सेवन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलचा डाव सुरू. मीसुद्धा कित्येक वर्षं त्या कोंडाळ्यात बसायचो. पहिली दहा मिनिटं पाय माझे नसल्यासारखे वाटायचे आणि चेंडू समोरचा घेऊन जायचा. त्याचं खापर मी वयावर फोडत आलो.

मैदानाच्या कडेला उभे राहणारे एक जुने खेळाडू मात्र आम्हाला बसलेलं पाहिलं की ओरडायचे, "पयलीं धांव मरे, मागीर ओड!" म्हणजे आधी पळ, मग ताण. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. का बरोबर होतं आणि कुठवर बरोबर होतं, ते नव्याने खेळायला लागलेल्यांसाठी लिहितो आहे. विशेषतः दिवसभर पणजीत खुर्चीवर बसून, स्कूटरवरून तासभर येऊन थेट मैदानात उतरणाऱ्यांसाठी.

आखडणं वेगळं, ताठरपणा वेगळा

आधी एक गोंधळ दूर करू. "पाय आखडलेत" असं आपण म्हणतो तेव्हा आपण एक जाणीव सांगत असतो. स्नायूचा ताठरपणा ही मात्र मोजायची गोष्ट आहे: स्नायू आणि त्याला हाडाशी जोडणारी शीर ठरावीक अंतर ताणायला किती जोर लागतो, एवढंच. या दोन्हींचा संबंध वाटतो तेवढा घट्ट नाही.

उभ्या उभ्या वाका आणि बोटं कुठवर जातात ते बघा. मग तीस सेकंद तसेच थांबा. बोटं आणखी दोन-तीन सेंटिमीटर खाली गेलेली दिसतील. स्नायू लांब झाला असं वाटतं. प्रत्यक्षात यातला मोठा भाग असा, की ओढ बसली तरी "बस, पुरे" हा इशारा मज्जासंस्था आता थोड्या उशिराने देते. ताण सोसायची आपली तयारी वाढलेली असते. ताठरपणासुद्धा थोडा उतरतो, पण एवढ्या छोट्या ताणाने उतरलेला ताठरपणा बहुतेक वेळा दहा-वीस मिनिटांत पुन्हा मूळ जागी येतो.

आणि ताठरपणा नेहमी वाईटच असतो असंही नाही. लहानपणी सायकलच्या ट्यूबची बेचकी केली असेल तर हे लगेच कळेल. नवं, घट्ट रबर कैरी पाडतं. तेच रबर वापरून वापरून सैल पडलं की दगड झाडापर्यंतही जात नाही. टाचेच्या वरची जाड शीर, जिला डॉक्टर अकिलीस म्हणतात, ती धावताना या रबरासारखंच काम करते. पाय टेकला की ताणून जोर साठवते आणि पाय उचलताना परत देते. डावाच्या तोंडावर तिला आणि पोटरीला सैल करण्यात आपला फायदा काय, हा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

बसून ताणल्याने नेमकं काय होतं

एका जागी थांबून, स्नायू शेवटापर्यंत ओढून धरणं याला स्थिर ताण म्हणू. याच्यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेकडो प्रयोग झालेत. 2000 साली कॅनडात झालेला एक प्रयोग बराच बोलका आहे. त्यात माणसांची पोटरी यंत्राने सुमारे अर्धा तास पुन्हा पुन्हा ताणून धरली. लगेच मोजल्यावर पोटरीचा जोर 28 टक्क्यांनी घटलेला होता, आणि तासाभरानंतरही तो 9 टक्क्यांनी कमीच होता. सुरुवातीची घट मुख्यतः मज्जातंतूंकडून स्नायूला मिळणारी हाक मंदावल्याने होती. ती हाक लवकर पूर्ववत झाली, पण खुद्द स्नायूची जोर काढायची क्षमता सावरायला जास्त वेळ लागला.

आता अर्धा तास पोटरी कोण ताणतं? म्हणून नेहमीच्या वेळांचा हिशोब महत्त्वाचा. 2016 साली या प्रयोगांचा एक मोठा आढावा निघाला. एका स्नायूला एकूण साठ सेकंदांपेक्षा कमी ताण दिला तर पुढच्या कामगिरीत सरासरी एक टक्क्याच्या आसपास घट दिसते. साठ सेकंद किंवा त्याहून जास्त दिला तर साडेचार टक्क्यांच्या आसपास. हलत्या हालचालींनी उलट एखाद टक्का वाढ होते. साठ सेकंदांच्या या रेषेत "एकूण" हा शब्द विसरू नका. वीस-वीस सेकंदांचे चार ताण म्हणजे ऐंशी सेकंद, आणि गप्पा मारत धरलेला पाय किती वेळ धरलाय हे कोणी मोजत नाही. आमच्या कोंडाळ्यात एकेका मांडीला सहज दोन मिनिटं मिळायची.

हलत्या वॉर्म-अपने काय होतं

रंगाचा डबा महिनाभर ठेवला की आतला रंग दाट होऊन बसतो. त्यात काही न मिसळता नुसता ढवळला तरी तो पातळ होतो आणि ठेवून दिला की परत घट्ट. बराच वेळ न हललेल्या स्नायूचंही काहीसं असंच असतं. त्याच्या आतले बारीक धागे एकमेकांना किंचित धरून बसलेले असतात. काही वेळा हलवलं की ती पकड सुटते. सकाळचं किंवा तासभर स्कूटरवर बसल्यानंतरचं आखडलेपण बरंचसं या ढवळण्याने जातं. त्यासाठी स्नायूला शेवटापर्यंत ओढून धरायची गरज नसते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. स्नायू गरम झाला की तो जलद आकुंचन पावतो. आतलं तापमान एक अंशाने वाढलं तर उडी किंवा छोट्या धावेसारख्या झटक्याच्या कामात दोन ते पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो. हलकं पळायला लागल्यावर पहिल्या तीन ते पाच मिनिटांत हे तापमान भरभर चढतं, नंतर वेग मंदावतो आणि दहा-वीस मिनिटांत ते स्थिरावतं. म्हणून वॉर्म-अप अर्धा तास लांबवण्यात फायदा कमी, थकवा जास्त.

इथे गोव्यातल्या माणसाची एक फसगत होते. पुस्तकात लिहिलेलं असतं, अंगाला घाम आला की वॉर्म-अप झाला. एप्रिल-मेमध्ये आपल्याला बसची वाट पाहतानाही घाम येतो. तो कातडीचा आणि दमट हवेचा घाम. मांडीच्या आतल्या स्नायूला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे घामावर भरवसा ठेवू नका. श्वास वाढलाय, पण अजून पूर्ण वाक्य बोलता येतंय, आणि पायाची पावलं आपोआप हलकी पडायला लागलीत, ही खूण धरा. मे महिन्यात दुपारी चारचा सामना असेल तर उलट काळजी घ्यावी लागते. पळण्याचा भाग सावलीत आणि तीन मिनिटांतच उरका, नाहीतर पहिल्या अर्ध्यातच अंग तापून गळाठून जाल.

प्रत्यक्ष क्रम

आम्ही आता हे सगळं पंधरा ते अठरा मिनिटांत करतो. घड्याळ एकाच्या हातात असतं.

पहिली चार मिनिटं मैदानाभोवती हलकं पळणं. शेवटच्या मिनिटात थोडं आडवं, थोडं उलट पळायचं, म्हणजे जांघ आणि खुबा जागे होतात. इथे कोणाशी शर्यत नको.

पुढची पाच-सहा मिनिटं हालचालींची. गोलच्या खांबाला हात टेकून पाय पुढे-मागे झुलवायचा, प्रत्येक पायाने दहा वेळा, मग तसाच आडवा. त्यानंतर दहा-बारा मोठी पावलं टाकत, प्रत्येक पावलाला पुढचा गुडघा वाकवून खाली जायचं. मग गुडघे उचलत वीस मीटर, टाचा मागे लावत वीस मीटर, आणि शेवटी चवड्यांवर वीस-तीस छोट्या उड्या. या उड्यांत गुडघे जवळजवळ सरळ ठेवायचे, घोट्याला स्प्रिंगचं काम करू द्यायचं.

नवखे नेमके पाय झुलवण्यात चुकतात. पहिल्याच झोक्यात पाय छातीएवढा उंच भिरकावायचा आणि वर पोचल्यावर हिसका द्यायचा, असं केलं तर थंड मांडीला तुम्ही झटका देत आहात. पहिले तीन झोके कमरेच्याही खाली ठेवा. उंची आपोआप वाढते. दहाव्या झोक्याला पाय जिथे सहज जातो, तिथवर पुरे. झोका देताना पाठ गोल होत असेल किंवा उभा पाय वाकत असेल तर तुम्ही स्नायूची हद्द ओलांडलीत असं समजा.

यानंतर एखादी जागा अजूनही धरून बसली असेल, समजा डावी पोटरी, तर तेवढ्याच जागेला पंधरा-वीस सेकंदांचा एक स्थिर ताण द्या. हवं तर दुसरा. हा ताण हालचालींच्या मध्ये बसतो. शेवटची पायरी म्हणून तो ठेवू नका.

शेवटची पाच मिनिटं खेळासारखी. वीस मीटरच्या तीन-चार धावा: पहिली साठ टक्के जोराने, मग पंचाहत्तर, मग नव्वद. मध्ये चालत परत यायचं, दम पूर्ण बसू द्यायचा. दोन-तीन उंच उड्या, दोन वेळा झपकन दिशा बदलणं, थोडे पास. ही पायरी लोक सर्वात जास्त टाळतात, कारण दमायला होईल अशी भीती. पण डावातली पहिली पूर्ण जोराची धाव ही तुमची त्या दिवसाचीच पहिली जोराची धाव असेल, तर हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, धरण्याची शक्यता तिथेच असते. शेवटची धाव आणि शिट्टी यांत पाचेक मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. पाहुण्यांची भाषणं असतील तर ती ऐकताना पाय हलवत राहा.

खडूची उडी: स्वतःवर तपासून बघा

मी आमच्यातल्या एका चाळिशीतल्या खेळाडूला हे पटवून देत होतो. तो बँकेत आहे, आकड्यांशिवाय काही मानत नाही. म्हणाला, "भाऊ, मोजून दाखव." मग आम्ही शाळेतली जुनी परीक्षा वापरली. बोटांच्या टोकांना खडू लावायचा, भिंतीला बाजू करून उभं राहायचं, टाचा जमिनीवर ठेवून हात वर करून खूण करायची. मग जागेवरून उडी मारून जितक्या वर जमेल तितक्या वर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर ही तुमची उडी. तीन प्रयत्न, मध्ये एकेक मिनिट, सर्वात चांगला धरायचा. गिलाव्याची भिंत शोधा. जांभ्या दगडाच्या उघड्या भिंतीवर खडू नीट उमटत नाही आणि बोटं सोलवटतात.

पहिल्या दिवशी तो पाच मिनिटं पळाला आणि उडी मारली: 41 सेंटिमीटर. मग नेहमीसारखा बसून पोटरी, मांडीची पुढची बाजू आणि मागची बाजू, प्रत्येकी दोन-दोन मिनिटं, दोन्ही पायांना ताणत राहिला. लगेच उडी: 39. दोन दिवसांनी पाच मिनिटं पळून 41च आली, आणि वरच्या क्रमातल्या हालचाली आणि धावा करून 42.

तो खूश झाला. मी म्हटलं, थांब. खडूच्या खुणेत आणि माणसाच्या उडीत, काहीही न करता, एक-दोन सेंटिमीटरचा फरक रोज पडतो. शिवाय बारा मिनिटं बसून राहिल्यावर अंग गारही पडलं होतं, ती घट सगळी ताणाची नव्हे. आणि काय निघायला हवं हे त्याला आधीच माहीत होतं. माहीत असणारा माणूस नकळत कमी जोर लावतो. म्हणून आम्ही पुढे आठवड्यातून दोनदा, कधी ताण आधी कधी हालचाली आधी, असं चार वेळा केलं. ताणण्याइतकाच वेळ नुसतं बसूनही एकदा पाहिलं. नुसत्या बसण्यानेही साधारण सेंटिमीटरभर उडी घटली. म्हणजे आमच्या कोंडाळ्याचा निम्मा दोष ताणाचा आणि निम्मा गार पडण्याचा असावा. एका माणसावरून याहून जास्त काही सांगता येणार नाही. तुम्ही तपासाल तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर भांडू नका, तीन-चार दिवसांची सरासरी घ्या. तीच वेळ, तेच बूट.

मग स्थिर ताण टाकूनच द्यायचा का?

नाही, आणि इथे त्या जुन्या खेळाडूंचं म्हणणंही थोडं मागे पडतं. 2018 साली झालेल्या एका प्रयोगात खेळाडूंना पूर्ण वॉर्म-अप दिला. त्यातच काही दिवशी प्रत्येक स्नायूला तीस सेकंदांपर्यंतचा स्थिर ताण, काही दिवशी हलता ताण, तर काही दिवशी ताणच नाही. शेवटी धावणं, उडी, वळणं मोजली, तर फरक दिसला नाही. ताणाच्या मागून खेळासारख्या हालचाली आल्या की छोट्या ताणाचं नुकसान धुऊन निघतं. उलट ताण केलेल्या दिवशी आपण चांगलं खेळू असं खेळाडूंना जास्त वाटत होतं. तुम्हाला पंधरा सेकंद पोटरी ताणल्याशिवाय चैन पडत नसेल तर बिनधास्त ताणा. नुकसान होतं ते लांब ताणाने, आणि त्यानंतर थेट डाव सुरू केल्याने.

गोलरक्षकाला जास्त लवचीकता लागते, भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलीला तर लागतेच. त्यांनी ताण वेगळ्या वेळी करावा: खेळानंतर, किंवा रात्री जेवणाआधी, आधी दोन मिनिटं चालून. एका स्नायूला तीस ते साठ सेकंद धरायचं, आठवड्यात त्या स्नायूला एकूण पाच मिनिटं तरी मिळतील असं पाहायचं. काही आठवड्यांत लवचीकता वाढते आणि असा नियमित ताण डावातला जोर खात नाही. मात्र खेळानंतर ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थांबेल अशी आशा ठेवू नका. प्रयोगांत त्याचा परिणाम जाणवण्याइतका निघालेला नाही.

दुखापतीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ऑस्ट्रेलियात लष्करात नव्याने भरती झालेल्या 1538 जणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. अर्ध्यांनी कसरतीआधी पायाचे स्नायू ताणले, अर्ध्यांनी नाही. पायाच्या दुखापती दोन्हीकडे जवळपास सारख्याच. स्नायू धरण्याचा धोका मात्र ताणाने थोडा कमी होत असावा असं इतर काही अभ्यास सांगतात. फुटबॉलमध्ये ज्याचा पुरावा मजबूत आहे तो फिफाचा 11+ हा वीस मिनिटांचा कार्यक्रम. त्यात पळणं, एका पायावर तोल, उड्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूचे जोराचे व्यायाम आहेत. बसून ताणणं नाही. नियमित करणाऱ्या मुलींच्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं दिसलं. "नियमित" हा शब्द मात्र फार महत्त्वाचा. दोन रविवार करून सोडला तर काही उपयोग नाही.

आखडलंय की फाटलंय?

एक फरक ओळखायला शिका. बसून आखडलेली मांडी सगळीकडून जड वाटते आणि चार मिनिटं पळाल्यावर सुटते. स्नायू धरलेला असेल तर एका जागेवर बोट ठेवता येतं, पळाल्यावर ते जास्त टोचतं, आणि पालथं झोपून कोणी टाच दाबून धरली असताना गुडघा वाकवायचा प्रयत्न केला तर कळ येते. एक-दोन दिवसांनी तिथे निळसर डागही दिसू शकतो. अशा पायाला "थोडा ताणून मोकळा करतो" म्हणत ओढू नका. ताज्या जखमेच्या कडा तुम्ही हाताने ओढता आहात. त्या दिवशी खेळ बंद, आणि चालताना लंगडायला होत असेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट.

राखीव खेळाडूंसाठी

आमच्याकडे सगळ्यात वाईट वॉर्म-अप राखीव खेळाडूंचा असतो. सुरुवातीला सगळ्यांबरोबर करतात, मग वीस-पंचवीस मिनिटं बाकावर बसतात, शहाळं पितात, आणि अचानक हाक आली की पळत आत. तोवर कमावलेली उष्णता बरीचशी गेलेली असते. मैदानात खेळलेल्यांचंही मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत मांडीचं तापमान दोनेक अंशांनी उतरल्याचं मोजलं गेलंय, आणि मध्यंतरानंतरच्या पहिल्या धावा त्यामुळे मंद पडतात. मध्यंतराच्या शेवटच्या काही मिनिटांत हलकं पळून आणि हालचाली करून ही घसरण बरीच रोखता येते.

म्हणून बाकावर असाल तर दर सात-आठ मिनिटांनी उठा, रेषेबाहेर एक फेरी मारा, दहा गुडघे उचला, एक सत्तर टक्क्यांची धाव घ्या. बदली होणार असा अंदाज आला की दोन मिनिटं आधी चवड्यांच्या उड्या आणि एक नव्वद टक्क्यांची धाव. जुलैत पावसात मैदान चिखल झालेलं असतं, तेव्हा हे सगळं बाकाच्या मागच्या सिमेंटवर करतो, फक्त घसरू नये म्हणून स्टडचे बूट आत जायच्या वेळीच चढवतो.